एका रेकॉर्डिंगच्या चार फाइली

घरगुती बैठकीत बडा ख्याल पस्तीस मिनिटे रंगतो. समोरच्या कपाटावर एक ॲक्शन कॅमेरा ठेवलेला असतो. तंबोरा जुळला की कुणीतरी बटण दाबते आणि शेवटची तिहाई संपल्यावर पुन्हा दाबते. मधल्या काळात कॅमेऱ्याला कुणाचाही हात लागलेला नसतो. तरीही कार्ड लॅपटॉपला लावले की एका रेकॉर्डिंगच्या जागी चार फाइली दिसतात. पहिली फाइल ऐन तानेत थांबते आणि तानेचा उरलेला भाग दुसऱ्या फाइलीच्या सुरुवातीला सापडतो.

घाटातली दुचाकीची सफर, मुलांचे स्नेहसंमेलन, लग्नाचे विधी, क्रिकेटचा सामना अशा कुठल्याही लांब चित्रीकरणात हेच घडते. पुष्कळांना वाटते की कॅमेरा बिघडला किंवा कार्ड खराब निघाले. प्रत्यक्षात यंत्र नेमून दिल्याप्रमाणेच वागलेले असते. त्याने मधला एकही क्षण टाकलेला नसतो. त्याने फक्त फाइल बदललेली असते. म्हणूनच हे तुकडे पुन्हा एकत्र करताना चित्राचा दर्जा कणभरही कमी होण्याचे कारण नाही. जोडण्याची पद्धत मात्र बरोबर हवी.

कॅमेरा फाइल का तोडतो?

याचे मूळ मेमरी कार्डावरच्या नोंदवहीत आहे. कार्डावर कोणती फाइल कुठे आहे आणि केवढी आहे, याची नोंद फाइल सिस्टिम ठेवते. ३२ जीबीपर्यंतच्या एसडी कार्डांवर त्यासाठी फॅट३२ ही पद्धत वापरतात. ती १९९६ मध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिच्यात फाइलीचा आकार लिहिण्यासाठी ३२ बिटांची जागा ठेवलेली आहे. तेवढ्या जागेत मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ आहे. म्हणजे फॅट३२वरची कोणतीही फाइल इतक्या बाइटांपेक्षा मोठी होऊच शकत नाही. कार्डावर कितीही जागा रिकामी असली तरी या मर्यादेत फरक पडत नाही.

कॅमेरा या मर्यादेला टेकेपर्यंत थांबत नाही. गोप्रोचे अनेक कॅमेरे साधारण ४ अब्ज बाइट झाले की चालू फाइल बंद करतात आणि लगेच पुढची उघडतात. दरम्यान आलेली चित्रे कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत सांभाळली जातात, त्यामुळे काहीही गळत नाही.

फाइल किती मिनिटांनी बदलेल हे गणिताने काढता येते. ४के चित्रीकरणात सेकंदाला ६० मेगाबिट माहिती येत असेल, तर सेकंदाला ७५ लाख बाइट लिहिले जातात. ४ अब्ज भागिले ७५ लाख म्हणजे सुमारे ५३३ सेकंद, अर्थात ८ मिनिटे ५३ सेकंद. बैठकीची ३५ मिनिटे या हिशेबाने मांडली तर ८ मिनिटे ५३ सेकंदांच्या तीन पूर्ण फाइली होतात आणि ८ मिनिटे २१ सेकंदांची चौथी उरते. सांधे येतात ८:५३, १७:४६ आणि २६:३९ या वेळांवर. या तीन वेळा टिपून ठेवाव्यात, कारण जोडकाम तपासताना त्यांचाच उपयोग होणार आहे.

३२ जीबीपेक्षा मोठ्या कार्डांवर एक्सफॅट ही नवी पद्धत असते आणि तिला ४ जीबीची अडचण नाही. तरीही अनेक कॅमेरे त्या कार्डांवरसुद्धा तुकडे करत राहतात, आणि त्यामागे एक चांगले कारण आहे. एमपी४ फाइलीत कोणते चित्र फाइलीच्या कुठल्या बाइटपाशी आहे, याची एक सूची असते. साधारणपणे ती रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. त्याआधीच बॅटरी गेली किंवा कार्ड निसटले तर सूचीविना फाइल उघडत नाही. तासाभराची एकच फाइल असती तर सगळा तास अडकला असता. तुकडे असल्यामुळे धोका फक्त शेवटच्या तुकड्याला राहतो, आधीचे तुकडे सूचीसह पूर्ण झालेले असतात.

नावातला क्रम

जोडकाम बहुतेक वेळा क्रमात चुकते. गोप्रोच्या हिरो६ आणि त्यापुढच्या कॅमेऱ्यांत आपल्या बैठकीच्या फाइली अशा दिसतील: GH010123.MP4, GH020123.MP4, GH030123.MP4 आणि GH040123.MP4. पहिली दोन अक्षरे चित्र कोणत्या पद्धतीने दाबून साठवले आहे ते सांगतात. GH म्हणजे एच.२६४ आणि GX म्हणजे त्यानंतर आलेली एचईव्हीसी. पुढचे दोन अंक तुकड्याचा क्रमांक आहेत आणि शेवटचे चार अंक रेकॉर्डिंगचा क्रमांक.

याचा अर्थ असा की एकाच रेकॉर्डिंगच्या सगळ्या तुकड्यांचे शेवटचे चार अंक सारखे असतात. संगणक मात्र नावे डावीकडून लावतो. बैठकीनंतर त्याच कॅमेऱ्यावर भैरवीचे वेगळे रेकॉर्डिंग केले असेल, तर तिची पहिली फाइल GH010124.MP4 या नावाची असेल आणि नावानुसार लावलेल्या यादीत ती ख्यालाच्या पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्याच्या मध्ये येऊन बसेल. सगळ्या फाइली निवडून डोळे मिटून जोडल्या तर ख्यालात भैरवी घुसते. त्यामुळे जोडण्यापूर्वी प्रत्येक रेकॉर्डिंगचा वेगळा फोल्डर करावा आणि शेवटचे चार अंक सारखे असलेल्या फाइलीच त्यात ठेवाव्यात.

हिरो५ आणि त्याआधीच्या अनेक गोप्रोंची रीत थोडी वेगळी आहे. तिथे पहिला तुकडा GOPR0123.MP4 असतो आणि पुढचे GP010123.MP4, GP020123.MP4 असे येतात. इथे GP01 हा पहिला नसून दुसरा तुकडा आहे. शिवाय नावानुसार लावले तर GOPR0123 सर्वांत आधी येतो, कारण O हे अक्षर P च्या आधी आहे. पण दोन रेकॉर्डिंग असली की इथेही सरमिसळ होतेच.

क्रम लावताना मधला अंक गायब नाही ना, हेही पाहावे. ०१, ०२ आणि ०४ अशा फाइली दिसल्या तर तिसरी कार्डावरून उतरवायची राहिली आहे. अशा वेळी कार्ड पुसण्याआधी ती शोधायला हवी. पूर्ण भरलेल्या तुकड्यांचा आकार जवळजवळ सारखा असतो आणि फक्त शेवटचा लहान असतो. मधलाच एखादा तुकडा लहान दिसला तर त्याची नक्कल अर्धवट झाली असण्याची शक्यता आहे, तो कार्डावरून पुन्हा उतरवावा.

नुसते चिकटवून का चालत नाही?

बरेच जण या चार फाइली व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळीने ठेवतात आणि एक्स्पोर्टचे बटण दाबतात. काम होते, पण त्यासाठी अनावश्यक किंमत मोजावी लागते. एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र उलगडते आणि नव्याने दाबून साठवते. ३५ मिनिटांच्या ४के चित्रीकरणाला साध्या लॅपटॉपवर यात कित्येकदा तास-दोन तास जातात, आणि दुसऱ्यांदा दाबल्यामुळे बारीक तपशील थोडा तरी पुसटतो. जिथे रंग सुधारायचे नाहीत, काही कापायचे नाही, फक्त सांधायचे आहे, तिथे हा सगळा खटाटोप लागत नाही.

दुसऱ्या टोकाला चारही फाइलींचे बाइट एकामागोमाग ठेवून एक मोठी फाइल करण्याचा उपाय कुणी सुचवतो. एमपी४च्या बाबतीत तो फसतो. चार पुस्तकांची पाने एका बांधणीत शिवली, पण अनुक्रमणिका पहिल्याच पुस्तकाची ठेवली, तर वाचकाला उरलेली तीन पुस्तके सापडणारच नाहीत. तसेच इथे होते. नवी फाइल साडेपंधरा जीबीहून मोठी दिसते, पण प्लेअरवर ८ मिनिटे ५३ सेकंदांनी संपते. फाइल मोठी आणि वेळ मात्र पहिल्या तुकड्याएवढा, असे दिसले की हीच चूक झाली आहे असे समजावे.

योग्य मार्ग या दोन्हींच्या मधला आहे. चित्र आणि आवाज जसेच्या तसे उचलायचे, त्यांना न उलगडता नव्या फाइलीत ओळीने ठेवायचे आणि सूची तेवढी नव्याने लिहायची. याला पुन्हा एन्कोड न करता जोडणे म्हणतात. यात संगणकाला फाइल कॉपी करण्याइतकेच काम पडते. बैठकीचे सुमारे पावणेसोळा जीबी साध्या हार्ड डिस्कवरसुद्धा काही मिनिटांत जोडून होतात. डिस्कवर तेवढीच आणखी जागा मात्र रिकामी हवी, कारण मूळ फाइली तशाच राहतात आणि शेजारी नवी तयार होते.

प्रत्यक्ष जोडकाम

हे काम करणारी बहुतेक मोफत साधने आतून एफएफएमपेग या प्रोग्रॅमवर चालतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० मध्ये त्याची सुरुवात केली. आज तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मोफत मिळतो. त्याला खिडकी आणि बटणे नाहीत, कमांड टाइप करावी लागते. पण या कामासाठी एक छोटी यादी आणि एकच ओळ पुरते.

फाइली ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथेच नोटपॅडमध्ये list.txt नावाची फाइल करायची आणि तिच्यात क्रमाने नावे लिहायची:

```
file 'GH010123.MP4'
file 'GH020123.MP4'
file 'GH030123.MP4'
file 'GH040123.MP4'
```

नावांभोवतीची अवतरणचिन्हे सरळ हवीत. वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये यादी केली तर ती आपोआप वळलेली होतात आणि मग एफएफएमपेगला फाइल सापडत नाही. यादी जतन झाली की त्याच फोल्डरमध्ये कमांडची खिडकी उघडून ही ओळ टाइप करायची:

```
ffmpeg -f concat -safe 0 -i list.txt -c copy khyal.mp4
```

यातले concat म्हणजे यादीतल्या फाइली एकापुढे एक घे, आणि -c copy म्हणजे आतला मजकूर उलगडू नको, तसाच उचल. दुसरा भाग विसरला तर प्रोग्रॅम मुकाट्याने सगळे नव्याने एन्कोड करायला घेतो. काम अचानक खूप हळू चालले आणि पंखा जोरात फिरू लागला तर बहुधा हे दोन शब्द राहून गेलेले असतात.

कमांडची भीती वाटणाऱ्यांसाठी लॉसलेसकट हा मोफत प्रोग्रॅम आहे. तोही आतून एफएफएमपेगच वापरतो. चारही फाइली एकदम त्याच्या खिडकीत ओढून टाकायच्या आणि Tools मेनूमधला Merge/concatenate files हा पर्याय घ्यायचा. त्यानंतर यादी दिसते. तिच्यातला क्रम नीट पाहूनच पुढे जावे, कारण मघाची भैरवीची गडबड इथेही होऊ शकते.

ही पद्धत एका अटीवर चालते. सगळ्या तुकड्यांत चित्राचा आकार, सेकंदाला चित्रांची संख्या आणि दाबण्याची पद्धत एकसारखी हवी. एकाच रेकॉर्डिंगच्या तुकड्यांत ती नेहमीच सारखी असते. पण मध्यंतरानंतर कुणी कॅमेऱ्याची सेटिंग बदलली असेल आणि दोन वेगळी रेकॉर्डिंग अशा रीतीने जोडली, तर सांध्यानंतर चित्र फाटते, हिरवे होते किंवा गोठते. अशा फाइलींसाठी संपादनाचे सॉफ्टवेअरच योग्य.

सांध्यावरचा आवाज

जोडलेली फाइल तयार झाली की टिपून ठेवलेल्या वेळांकडे वळायचे. ८:४८पासून ८:५८पर्यंतचा भाग हेडफोन लावून ऐकायचा, मग १७:४६ आणि २६:३९च्या आसपासचे सेकंद. भाषणात सांधा सहसा कळत नाही. बैठकीत मात्र मागे तंबोऱ्याचा अखंड सूर असतो आणि त्यात अगदी बारीक खंड पडला तरी टिच असा आवाज येतो.

हा आवाज का येतो हे समजून घेण्याजोगे आहे. चित्र आणि आवाज फाइलीत वेगवेगळ्या मापाच्या तुकड्यांत साठवलेले असतात. सेकंदाला ३० चित्रे असतील तर एक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंदांचे असते. आवाज एएसी पद्धतीने दाबलेला असतो आणि त्याचे एक पाकीट १०२४ नमुन्यांचे असते. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असतील तर एक पाकीट सुमारे २१ मिलिसेकंदांचे होते. ३३ आणि २१ ही मापे प्रत्येक वेळी एकाच क्षणी संपत नाहीत. त्यामुळे कॅमेरा फाइल बदलतो तेव्हा पहिल्या तुकड्यातला आवाज चित्राच्या काही मिलिसेकंद आधी संपतो किंवा नंतर. राहिलेला फरक दुसऱ्या तुकड्यात भरून निघालेला असतो.

चित्राची साखळी आणि आवाजाची साखळी वेगवेगळी जोडली तर दोन्ही मूळच्यासारख्या अखंड होतात, कारण कॅमेऱ्याने दोन्हींतले काहीच वगळलेले नाही. पण एफएफएमपेगची यादीवाली पद्धत पहिल्या फाइलीची एकूण लांबी पाहते आणि दुसऱ्या फाइलीचे चित्र व आवाज दोन्ही त्याच वेळेपासून सुरू करते. आवाज आधी संपला असेल तर तिथे काही मिलिसेकंदांची फट राहते. उलट झाले तर दोन आवाज एकमेकांवर येऊ पाहतात आणि खिडकीत Non-monotonic DTS अशा सूचनेच्या ओळी उमटतात. सांध्यापाशी अशा एक-दोन ओळी आल्या म्हणजे काम बिघडले असे नाही. प्रोग्रॅमने वेळ किंचित सरकवून घेतली, एवढाच त्यांचा अर्थ. त्या शेकड्यांनी येऊ लागल्या तर मात्र क्रम किंवा फाइली पुन्हा तपासाव्यात.

टिच असा आवाज ऐकू येत असेल तर दुसरे साधन वापरून पाहावे. गायरोफ्लो हा हलणारे चित्र स्थिर करणारा मोफत प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनीच mp4-merge हे छोटे साधन तयार केले आहे. ते एमपी४च्या आतल्या प्रत्येक साखळीची सूची स्वतंत्रपणे पुढे वाढवते. संगीताच्या रेकॉर्डिंगसाठी त्यामुळे ते विशेष उपयोगी आहे.

त्याचा आणखी एक फायदा गिर्यारोहकांना आणि दुचाकीस्वारांना होतो. गोप्रोच्या फाइलीत चित्र आणि आवाजाखेरीज मोजमापांची एक साखळी असते. कॅमेरा कसा हलला, कुठे वळला याची माहिती तिच्यात साठते, आणि हिरो५ ब्लॅकपासून हिरो११ ब्लॅकपर्यंतच्या कॅमेऱ्यांत जीपीएस चालू असेल तर जागा आणि वेगही. वर दिलेली एफएफएमपेगची ओळ फक्त चित्र आणि आवाज उचलते, ही साखळी मागेच राहते. घाटाच्या व्हिडिओवर नंतर नकाशा किंवा वेगाचा काटा दाखवायचा असेल, किंवा चित्र स्थिर करायचे असेल, तर ही माहिती जपणे भाग आहे. mp4-merge ती बरोबर घेते. लॉसलेसकटमध्ये सगळे ट्रॅक सामील करण्याचा पर्याय तपासून घ्यावा. बैठकीसाठी अर्थातच या साखळीची गरज नाही.

आवाजाबरोबर आणखी दोन गोष्टी पाहायच्या. जोडलेल्या फाइलीची लांबी चारही तुकड्यांच्या बेरजेइतकी, म्हणजे ३५ मिनिटांच्या आसपास हवी. आणि तिचा आकार चारही आकारांच्या बेरजेजवळ हवा, मोजमापांची साखळी गळल्याने थोडा कमी चालेल. आकार निम्माच आला तर कुठेतरी पुन्हा एन्कोडिंग झाले आहे किंवा तुकडे सुटले आहेत.

जुन्या कॅमकॉर्डरची गोष्ट वेगळी

महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत आणि फोटो स्टुडिओंत २००६ नंतरचे एव्हीसीएचडी कॅमकॉर्डर आहेत. सोनी आणि पॅनासोनिक यांनी मिळून ही पद्धत त्याच वर्षी आणली. लग्ने, मुंजी आणि एकांकिका स्पर्धांची रेकॉर्डिंग आजही त्यांच्या कार्डांवर पडून आहेत. त्यांच्या फाइलींच्या नावाला MTS हे शेपूट असते आणि त्या PRIVATE, AVCHD, BDMV, STREAM अशा एकात एक फोल्डरांच्या तळाशी सापडतात. मॅकवर हा सगळा फोल्डर एकाच फाइलीसारखा दिसतो. त्यावर उजवी क्लिक करून Show Package Contents निवडले की आतल्या फाइली दिसतात.

यांची नावे नुसती 00012.MTS, 00013.MTS अशी चढत जातात. तुकडा कुठला आणि नवे रेकॉर्डिंग कुठले हे नावावरून कळत नाही. ते आकारावरून ओळखावे लागते. कॅमेऱ्यानुसार सुमारे २ किंवा ४ जीबीच्या मर्यादेला टेकलेली फाइल दिसली की तिचे रेकॉर्डिंग पुढच्या फाइलीत चालू आहे असे समजावे. मर्यादेपेक्षा स्पष्टपणे लहान असलेल्या पहिल्या फाइलीशी ते रेकॉर्डिंग संपते. आधीच्या फाइलीचा शेवट आणि पुढचीची सुरुवात पाहून याची खात्री करून घेता येते.

MTSची रचना एमपी४पेक्षा वेगळी आहे. तिच्यात एकच मोठी सूची नसते. सगळी माहिती १९२ बाइटांच्या पाकिटांत विभागलेली असते आणि प्लेअरला वाचनासाठी लागणारे सारे या पाकिटांच्या ओघातच मिळते. त्यामुळे एमपी४साठी निरुपयोगी ठरलेली बाइट चिकटवण्याची पद्धत इथे मात्र उत्तम चालते. विंडोजवर ती अशी:

```
copy /b 00012.MTS+00013.MTS+00014.MTS lagna.MTS
```

यातले /b गाळू नये. त्याच्याविना फाइली जोडताना विंडोज त्यांना मजकुराच्या फाइली समजते आणि एक विशिष्ट बाइट दिसला की फाइल संपली असे धरून पुढचे सोडून देते.

चिकटवण्याचा इथे आणखी एक लाभ आहे. कॅमकॉर्डर फाइल बदलतो तेव्हा आवाजाचे एखादे पाकीट अर्धे या फाइलीत आणि अर्धे त्या फाइलीत पडू शकते. दोन्ही फाइली संपादनात सुट्या आणल्या तर दोन्ही अर्धुके टाकून दिली जातात आणि मंगलाष्टकांच्या मध्ये क्षणभर आवाज जातो. बाइट सलग ठेवले की ती अर्धुके पुन्हा एकमेकांना लागतात आणि आवाज अखंड होतो. म्हणूनच कार्ड उतरवताना नुसत्या MTS फाइली न उचलता PRIVATE हा सगळा फोल्डर जसाच्या तसा ठेवावा. संपादनाची अनेक सॉफ्टवेअर तो पूर्ण फोल्डर दिला तर त्यातल्या नोंदी वाचून तुकडे स्वतःच जुळवून घेतात.

जोडून झाल्यावर

बॅटरी संपल्यामुळे शेवटचा तुकडा उघडत नसेल तर एफएफएमपेग moov atom not found असे सांगून थांबते. सूची लिहायची राहून गेल्याची ही खूण आहे. गोप्रोच्या बाबतीत ते कार्ड काहीही न पुसता त्याच कॅमेऱ्यात परत घालून कॅमेरा चालू करावा. अपुरी फाइल आढळली तर कॅमेरा स्वतःच तिची दुरुस्ती करू पाहतो. दुरुस्ती होईपर्यंत त्या कार्डावर नवे रेकॉर्डिंग करू नये, कारण अडकलेल्या तुकड्याच्या जागेवरच ते लिहिले जाऊ शकते. दुरुस्ती जमली नाही तरी आधीचे तीन तुकडे यादीत ठेवून जोडता येतातच.

नव्या फाइलीवर संगणक जोडकामाच्या दिवसाची तारीख टाकतो. पुढे वर्षांनी फाइली तारखेने लावल्या तर बैठक भलत्याच दिवशी दिसेल. म्हणून खरी तारीख फाइलीच्या नावातच लिहावी, आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली तर नावानुसार लावलेली यादीही आपोआप तारखेने लागते.

शेवटची अडचण बहुतेकांना फाइल कुणाला देताना कळते. दुकानात मिळणारे पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट३२चेच असतात. पावणेसोळा जीबीची जोडलेली फाइल ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकायला गेले तरी विंडोज फाइल फार मोठी असल्याचे सांगून नकार देते. ज्या मर्यादेमुळे कॅमेऱ्याने तुकडे केले तीच ही मर्यादा. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की फाइल मावते. फॉरमॅट केल्याने त्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते हे लक्षात ठेवावे, आणि ज्या टीव्हीवर तो लावायचा आहे तो एक्सफॅट वाचतो का हेही आधी पाहावे. जुने टीव्ही वाचत नाहीत. त्यांच्यासाठी मूळ चार तुकडे 1, 2, 3, 4 अशी नवी नावे देऊन फॅट३२च्या पेनड्राइव्हवर ठेवणे सोपे पडते. कार्डावरच्या फाइली मात्र जोडलेल्या फाइलीचे तिन्ही सांधे ऐकून झाल्यावर आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर गेल्यावरच पुसाव्यात.